नाव आपणच ठेवलं तर ते नाव होतं का? हर्णैच्या एका कथेवरून

खारफुटी
माझी कथा पुढच्या शतकातल्या हर्णै बंदरावर घडते. माणसांना नाव असायलाच बंदी आहे. प्रत्येकाला सहा अंकी कोड, तोच हाकेला, तोच रेशनला, तोच मृत्यूच्या नोंदीत. ३०९५२६ ही बाई लिलावाच्या वाळूवर वजनकाटा सांभाळते. मासेमारीच्या पावसाळी बंदीत ओढून ठेवलेल्या जुन्या लाकडी होडीचा रंग मुसळधार पावसात खरवडताना तिला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, पुसलेलं एक नाव सापडतं. ते ती मनातल्या मनात स्वतःचं म्हणून घेते आणि कुणालाही सांगत नाही, मी वाचकालाही सांगत नाही. कथा तिथेच संपते. दोघांनी वाचली, दोघांची दोन मतं. एकटीनं, गुपचूप ठेवलेलं नाव हे खरंच नाव होतं का? की शेवटी कुणीतरी तिला त्या नावानं हाक मारायला हवी?

पेडवे
नाही होत. हाक नाही तर नाव नाही, असं माझं स्पष्ट मत.

आपल्याकडे बारशाला काय करतात ते आठवून बघा. पाळण्याखालून बाळ इकडून तिकडे देतात, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणतात, आणि मग आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते. त्या क्षणी ते नाव फक्त दोघांचं असतं. पण दोघांचं असतं, एकाचं नाही. लगेच बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात, आणि नाव घरभर होतं. पोराला कानात काय पडलं ते कळलेलं नसतं. ते नाव त्याच्यापेक्षा आधी इतरांकडे असतं.

आमच्या मालवणकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालत नाहीत, गावकर किंवा मानकरी उभा राहतो आणि "बा देवा म्हाराजा" करून सुरुवात करतो, "ह्या तुझ्या लेकराक" म्हणून त्या माणसाचं नाव घेतो, आणि मागची सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. माणूस स्वतः तिथे हात जोडून उभा असतो, बोलता येत असतं त्याला, तरी त्याचं नाव दुसऱ्यानंच घ्यायचं. तुमची बाई होडीजवळ एकटी बसून जे करते त्याला मी फार तर विचार म्हणेन. तिला कुणीतरी एकदा हाक मारू दे, मग कथा संपवा.

मीठागर
पेडवे, तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि त्याच कारणासाठी मी उलट बाजूला उभी आहे.

या किनाऱ्यावरच्या बाईचं नाव कायम दुसऱ्यांनीच ठेवलं. जन्मल्यावर आत्यानं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, आणि अठरा-वीस वर्षं ज्या नावाला तिनं ओ दिली ते माहेरच्या उंबऱ्याशी राहिलं. मूल झाल्यावर तर तेही गेलं. माझ्या सासूबाईंना वाडीत सगळे थोरल्या मुलाच्या नावानं, अमक्याची आई म्हणूनच ओळखत. त्यांचं नाव मला लग्नानंतर कितीतरी उशिरा, मतदार यादी बघताना कळलं.

सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. या सगळ्या 'नकुशी' होत्या. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नको असलेली, आणि तेच नाव. आता पेडव्यांच्या नियमानं बघा. नकुशी हे नाव तिला दुसऱ्यांनी दिलं होतं, सगळ्या गावानं त्याच नावानं हाक मारली होती, म्हणजे ते पक्कं नाव झालं. त्यातल्या काही मुलींनी मग स्वतःला आवडलेलं नाव स्वतः निवडलं, कुणी सिनेमातल्या नटीचंही घेतलं. समारंभाच्या आदल्या रात्री त्या मुलीच्या मनात जे नाव होतं ते नाव नव्हतं असं म्हणायची माझी तयारी नाही.

खारफुटी, शेवट बदलू नका. कुणालाही न विचारता घेतलेलं नाव हीच त्या कथेतली एकमेव गोष्ट आहे जी राज्यानं दिलेली नाही आणि घरानंही दिलेली नाही.

गलबत
मला प्रश्नच समजला नाही. हे सगळं झालेलंच आहे की. आधार म्हणजे काय? बारा अंक. सुरुवातीच्या अंकांवरून राज्य आणि जिल्हा कळतो, शेवटच्या अंकांत माणूस. उद्या नाव काढून टाकलं तरी कुणाचं काही अडणार नाही. कथेत हे दाखवा की कोडमध्येच हर्णै आहे, म्हणजे गाव तरी राहील. आपली आडनावं तशीच तर आहेत, गावाला 'कर' लावला की झालं.

जुना कारकून
गलबत, अंकांवरून प्रदेश कळतो तो पिनकोडात. १९७२ पासून ते चालू आहे. दापोलीचा ४१५७१२ बघितला की टपालवाल्याला पहिल्या तीन अंकांतच कुठल्या भागात थैली जायची ते कळतं. आधार क्रमांक मुद्दामच तसा ठेवलेला नाही. तो यादृच्छिक आहे, त्यात राज्य नाही, जात नाही, वय नाही. फक्त शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेबानं काढलेला असतो. पण तुमची दुसरी गोष्ट कामाची आहे. कोडमध्ये गाव ठेवायचं की नाही हा त्या राज्याचा सगळ्यात पहिला निर्णय असेल. माणसाची पाळंमुळं तोडायची असतील तर ते कोडमध्ये गाव ठेवणार नाहीत. त्या बाईचं 'कर' गेलंय, हे कथेत एका वाक्यात यायला हवं.

आता माझा मुद्दा. मी नोकरीभर बँकेत खातेक्रमांक आणि कार्डक्रमांक यांच्यातच होतो. कथेत मला सगळ्यात कच्चं वाटलं ते नावाचं नाही, कोडचं. तो कोड नुसता शोभेचा आहे, कथेत काहीच करत नाही. कोड खरा वागला तर तुम्हाला हवं ते कारण तोच देईल.

बँकेच्या कार्डावरचा शेवटचा अंक हा ताळ्याचा असतो. पद्धत साधी आहे. शेवटचा सोडून उरलेले अंक उजवीकडून घ्यायचे, पहिला दुप्पट, दुसरा तसाच, तिसरा दुप्पट, असं एकाआड एक. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे दोन अंक मिळवून एक करायचा. सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जे कमी पडतं तो शेवटचा अंक. तुमच्या बाईचा कोड घेऊन करतो. ३०९५२ हे पहिले पाच. उजवीकडून २ चे ४, मग ५ तसाच, ९ चे १८ म्हणजे ९, मग ०, मग ३ चे ६. बेरीज २४. तीसला सहा कमी. शेवटचा अंक ६. ३०९५२६. योगायोगानं तुमचा कोड बरोबर आहे, हे बघून मला खूप आनंद झाला.

याचा उपयोग असा की कारकुनानं घाईत ५ आणि २ उलटे टाकले, ३०९२५६ लिहिलं, तर बेरीज १८ येते, शेवटी २ हवा, तिथे ६ आहे, यंत्र लगेच नाकारतं. शेजारचे अंक उलटे पडणं ही हातानं लिहिताना अगदी नेहमीची चूक, आणि ही पद्धत ती जवळजवळ नेहमी पकडते.

एक जोडी सोडून. ० आणि ९. कारण ९ दुप्पट केला तरी त्याचा ९ च होतो आणि ० चा ० च. ते कुठल्याही क्रमानं शेजारी बसले तरी बेरीज तीच. आता तिच्या कोडमध्ये ०९ चं ९० करा. ३९०५२. परत ४, ५, ०, ९, ६. बेरीज २४. शेवटचा अंक ६. म्हणजे ३९०५२६ हाही पूर्ण वैध कोड आहे आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असणार. या दोघींची अदलाबदल झाली तर कुठलंही यंत्र ओरडणार नाही.

३९०५२६ मेली आणि नोंद करणाऱ्यानं ३०९५२६ लिहिलं, तर? तुमची बाई काट्यावर उभी आहे, श्वास घेते आहे, आणि दप्तरात मेली आहे. तिला नाव का हवं झालं याचं उत्तर मग तुम्हाला वर्णनात शोधावं लागणार नाही. पेडव्यांची हाक आणि मीठागरताईंचं गुपित, दोन्हींच्या आधी हा प्रश्न यायला हवा की तिला नाव आत्ताच का लागलं.

सुपारीबाग
कारकून काका, तुमचं वाचून राहवलं नाही. मी कोडच्याच बाजूची आहे.

आमच्या आजीचं माहेरचं नाव जानकी, सासरचं सीता. सातबाऱ्यावर सीताबाई, मृत्यूच्या दाखल्यात जानकी, कारण दाखल्यासाठी माहिती द्यायला तिचा भाऊ गेला होता. बाग आजही तिच्याच नावावर. ही दोन्ही एकच बाई हे दाखवता दाखवता वडील थकले. एका कार्यालयात एक सांगतात, दुसऱ्यात दुसरं. तिला जन्मापासून एक कोड असता तर वारसनोंद एका दिवसात झाली असती. तुम्ही सगळे नावाचं एवढं करताय, पण नावानंच आमचं वाटोळं केलं. आणि हो, राजपत्रात छापून हे दुरुस्त होतं का?

जुना कारकून
राजपत्रातला नावबदल हयात माणसासाठी असतो, गेलेल्यांसाठी त्याचा उपयोग नाही. सीताबाई आणि जानकी एकच, असं सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र करा, सोबत दोन्ही नावं जोडणारा जो कुठला जुना कागद असेल तो लावा, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लग्नाची पत्रिकासुद्धा, आणि वारसनोंदीच्या अर्जाबरोबर तलाठ्याकडे द्या. कागद कमी पडला तर प्रकरण दिवाणी न्यायालयात वारसदाखल्यासाठी जातं आणि मग वेळ लागतो.

तुमच्या आजीचं उदाहरण मात्र खारफुटींनी लक्षात ठेवावं. एका बाईची दोन नावं झाली आणि घोटाळा झाला, म्हणून लोकांनी कोड आनंदानं घेतला असेल. असं राज्य बंदुका रोखून येत नाही. ते अडलेली वारसनोंद सोडवून देतं.

मीठागर
सुपारीबाग, तुमच्या आजीचा घोटाळा नावानं केलेला नाही. लग्नात तिचं नाव काढून घेतलं म्हणून तो झाला. जानकीच राहू दिली असती तर?

उधाण
मी कथेतल्या होडीबद्दल बोलतो, कारण आमच्या घरात होड्या रंगवायचं काम चालतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या की झाप नाहीतर ताडपत्री घालतात, आणि ज्याला रंग काढायचाय तो बंदी सुरू व्हायच्या आधी किंवा उघडीप मिळेल तेव्हा काढतो. भर पावसात रंग खरवडून काही होत नाही, लाकूड ओलं असतं. तेव्हा तुमची बाई मुसळधार पावसात खरवडते आहे ते बदला. ऊन हवं. आणि तिरकं ऊन हवं, ते का ते सांगतो.

नाळीवरचं नाव तैलरंगानं लिहितात, दोन हात देऊन. त्यावर पुढच्या वर्षी अख्ख्या होडीला रंग बसतो, त्याच्या पुढच्या वर्षी परत. पण अक्षराची जाडी जात नाही. अक्षराच्या कडेला उंचवटा राहतो. समोरून बघितलं तर काही दिसत नाही, सकाळी किंवा संध्याकाळी ऊन फळीला घासून येतं तेव्हा त्या कडेची सावली पडते आणि आधीच्या मालकानं ठेवलेलं नाव वाचता येतं. बोट फिरवलं तर डोळे मिटूनही लागतं. म्हणजे तिला खरवडायची गरजच नाही. उलट खरवडलं तर नाव जातं. कथेत ती नाव शोधते, पण त्याच हातानं ते पुसूनही टाकते असं होतंय, आणि तुमचं तिकडे लक्ष दिसत नाही. मला तर वाटतं तेच ठेवावं. राज्यानं होडी खरवडायचं काम तिलाच दिलंय, आणि ती शेवटची वाचणारी.

दुसरं. होडीला आज नोंदणीचा क्रमांकही असतो आणि नावही. कागदावर क्रमांक. पण समुद्रावर वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात एका होडीवरून दुसरीला हाक घालायची तर कुणी क्रमांक ओरडत नाही. सात, साठ, आठ, सगळं एकच ऐकू येतं. नावातला शेवटचा स्वर ताणता येतो, तो पाण्यावरून जातो. सहा अंक ताणून दाखवा. त्यामुळे या किनाऱ्यावर नावबंदी करणारं राज्य आलं तर ते पहिल्यांदा समुद्रावर मोडेल. एखादी होडी बुडताना बाकीचे हाक कशी मारतात हा प्रसंग कथेत का नाही?

पेडवे
हेच तर मी सांगतोय! हाक!

खारफुटी
उधाण, पावसाचं बदलते. तिरक्या उन्हाचं मला माहीत नव्हतं, ते घेतेच.

पण एक विचारायचं राहिलं. माझ्या राज्यात आई, काकी, वहिनी, दादा हे शब्द चालू आहेत. नावं तेवढी बंद. तिथे काही अडतं का?

पेडवे
फार अडतं. आमच्याकडे नावानं हाक मारतातच किती? म्हाताऱ्यांना कुणी नावानं हाक मारणार नाही, नवऱ्याचं नाव बायको उखाण्याशिवाय घेत नसे. दिवसभर आवशी, बापूस, काकी, वैनी, झिला, बाय, एवढ्यावर घर चालतं. हे शब्द ठेवले तर नावं गेलेली वाडीला महिनाभर कळणार पण नाहीत. हाकेची भूक भागते. राज्याला खरंच माणूस सुटा करायचा असेल तर त्याला 'आई' बंद करावं लागेल, आणि ते कुठल्याच राज्याला जमणार नाही.

मीठागर
आणि इथेच तुमचं म्हणणं उलटतं, पेडवे. हाकेची भूक 'काकी' आणि 'वहिनी'वर भागत असेल तर नाव हाकेसाठी नाहीच. हे सगळे शब्द ती कुणाची कोण हे सांगतात. नवऱ्याची बायको, मुलाची आई, भावाची बहीण. ती स्वतः कोण हे एकटं नावच सांगतं, म्हणून ते तिनं एकटीनं घेतलं तर बिघडलं कुठे? खारफुटी, तुमच्या राज्यात नाती चालू आणि नावं बंद आहेत हे मला तर आजचंच वाटलं. ते तसंच राहू द्या.

गलबत
गिरणीचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. आमचे आजोबा मुंबईत गिरणीत होते, आधी बदली कामगार. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी काम. आत तिकीट नंबर. पगाराला नंबर, दंडाला नंबर. पण संध्याकाळी गाववाल्यांच्या खोलीवर आले की नाव, आणि गावी गणपतीला आले की घराण्याचं नाव. दिवसा नंबर आणि रात्री नाव असं आख्खं आयुष्य गेलं. त्यांना कधी त्याचं दुःख झालेलं मी ऐकलं नाही. म्हणून मला वाटतं तुम्ही कोडचं जरा जास्तच भयाण करताय. माणूस दोन्ही घेऊन जगतो.

जुना कारकून
तुमच्या आजोबांचं चाललं कारण संध्याकाळची खोली होती. कथेतल्या बाईला ती नाही. गिरणीला फक्त पाळीपुरता नंबर हवा होता, पाळी सुटल्यावर माणूस काय म्हणवून घेतो याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. नंबर भयाण होतो तो खोलीवरही पोचतो तेव्हा. खारफुटी, तुमच्या कथेत ती खोली बंद केव्हा झाली? कुणी केली? हे वाचकाला कळलं नाही तर गलबतांसारखे वाचक म्हणणारच की हे तर आपण पचवलेलं आहे.

खारफुटी
आजवर आलेलं सगळं घेऊन शेवट असा करून बघितला.

३९०५२६ ही बाजूच्या पाजपंढरीची बाई. ती वारली आणि नोंद ३०९५२६ ची झाली. लिलावाच्या वाळूवर काट्याच्या यंत्रानं हिचा कोड घेतला नाही. रेशन थांबलं. ती दप्तरात गेली, तिथल्या माणसानं कोड तीन वेळा टाकला, यंत्र तीनही वेळा म्हणालं, कोड वैध, व्यक्ती मयत. मग ती मेलेल्या बाईच्या घरी जाते. तिथे म्हातारी आई आहे, तिच्या लेकीचं मरण कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे लेकीचं रेशन अजून चालू आहे. दोघी समोरासमोर बसतात. म्हातारीला आपल्या लेकीसाठी रडायचं आहे आणि रडताना हाक मारायला तिच्याकडे सहा अंक आहेत. तेव्हा ३०९५२६ होडीवरचं नाव तिला देते. म्हणते, तुमच्या लेकीला हे घ्या. म्हातारी त्या नावानं रडते. वाचकाला नाव ऐकू येतं ते तिच्या तोंडून.

म्हणजे नाव घेतलं हिनं आणि हाक गेली तिला.

पेडवे
हे मला पटलं. 'आई' शब्द असूनही रडायला नाव लागतं, मी वर म्हटलं होतं त्याच्यात हे बसत नाही, तरी पटलं. आमच्याकडे बायका रडताना गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगत रडतात. कोडनं तसं रडता येणार नाही.

मीठागर
मला नाही पटलं. आणि मनापासून वाईट वाटलं.

पहिल्या खर्ड्यात त्या बाईकडे जगातली एकच वस्तू स्वतःची होती. दुसऱ्यात तीही तिनं देऊन टाकली, आणि आपण सगळे म्हणणार, किती मोठं मन. बाईनं घेतलं की कथा अपुरी वाटते, बाईनं दिलं की पुरी वाटते, ही सवय आपल्याला कुठून लागली याचा विचार करा. म्हातारीला दुसरं नाव देता आलं असतं. किनाऱ्यावर ओढलेली होडी काही एकच नव्हती.

उधाण
मीठागरताई, तेही होऊ शकतं. सुवर्णदुर्गासमोरच्या वाळूत पावसाळ्यात होड्यांची रांग असते. पण जुन्या लाकडी होड्यांवर नावं बहुतेक देवाची. बाईचं नाव असलेली एखादीच, मालकाच्या लेकीचं किंवा आईचं. ते सापडायलाही नशीब लागतं. दोन सापडली तर मला ते सोयीचं वाटेल.

सुपारीबाग
मला फक्त एवढं कळलं की त्या म्हातारीनं लेकीचं मरण दुरुस्त करून घेतलं तर तिचं रेशन थांबणार आणि हिचं सुरू होणार. मग ती दुरुस्ती करते की नाही? आमच्याकडे असे प्रकार झाले तेव्हा घरं फुटलेली आहेत.

खारफुटी
सुपारीबाग, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हातारीचं पोट लेकीच्या जिवंत असण्यावर चालतंय.

जुना कारकून
मग कथा तिथे आहे. आणि एक तांत्रिक गोष्ट सांभाळा, जाणकार वाचक पकडेल. ०९ आणि ९० ची अदलाबदल पकडणारी पद्धत अस्तित्वात आहे, आधारचा शेवटचा अंक तिच्यावरच काढतात. तेव्हा तुमच्या राज्यानं स्वस्तातली जुनी पद्धत का ठेवली हे एका ओळीत येऊ द्या. चूक लक्षात आल्यावरही बदलली नाही असं दाखवलंत तर जास्त खरं वाटेल, कारण पद्धत बदलायची म्हणजे प्रत्येक माणसाचा शेवटचा अंक बदलायचा, आणि ते काम कुठलंच दप्तर आपण होऊन अंगावर घेत नाही.

मीठागर
दुरुस्तीचा प्रसंग लिहिलात की इथे टाका. म्हातारी दप्तरात जाते की नाही हे ठरल्याशिवाय नाव कुणाचं यावर मी माझं मत बदलणार नाही.